खिडकीच्या कोपऱ्यावरची चीर: सांगली-मिरजेतल्या घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा तापला की सांगली, मिरज, कुपवाड भागातून एकाच प्रकारचे फोटो येऊ लागतात. खिडकीचा वरचा कोपरा, आणि तिथून तिरकी वर गेलेली चीर. बहुतेक वेळा ती फक्त गिलाव्याची असते आणि पुढच्या रंगकामात बुजवली तरी चालते. पण कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीवर काही चिरा थेट पायातून आलेल्या असतात आणि पहिल्या नजरेला त्याही तशाच दिसतात. हा फरक घरच्या घरी कसा ओळखायचा, यावरच खालची बरीचशी उत्तरं आहेत. रंगाऱ्याला बोलावण्याआधी वाचा. एकदा पुट्टी भरली की चीर कधीची, किती रुंद आणि कुठून कुठे गेलेली, हे सगळं झाकलं जातं.

चीर नेमकी खिडकीच्या कोपऱ्यातूनच का निघते?

सलग भिंतीत ताण सगळीकडे वाटला जातो. खिडकीसाठी जागा सोडली की तिथली भिंत नाहीशी होते आणि तिच्या वाट्याचा ताण आजूबाजूने वळसा घालून जातो. चौकोनाच्या काटकोनी कोपऱ्यात तो सगळ्यांत जास्त गोळा होतो. कापडात चौकोनी भोक कापून ते ताणलं तर फाटायला सुरुवात कोपऱ्यापासूनच होते, तसंच हे आहे.

म्हणून गिलावा वाळून आकसला, स्लॅब उन्हाने सरकला किंवा पाया एका बाजूने खचला, कारण कोणतंही असो, चीर पहिल्यांदा दिसणार ती खिडकीच्या कोपऱ्यातच. नुसत्या जागेवरून काहीच निदान होत नाही. 'कोपऱ्यातली चीर आहे, काळजी करू नका' आणि 'कोपऱ्यातली चीर आहे, पाया गेला' ही दोन्ही वाक्यं तितकीच अर्धवट आहेत.

निव्वळ गिलाव्याची चीर कशी असते?

केसाएवढी बारीक असते, सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास सारखीच रुंद राहते आणि वीतभर किंवा हातभर जाऊन विरून जाते. बऱ्याचदा खिडकीच्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांतून सारख्याच चिरा बाहेरच्या बाजूला फाकलेल्या दिसतात. आजूबाजूच्या गिलाव्यावर जाळीसारख्या बारीक रेघाही असतात. घर बांधून पहिलं-दुसरं वर्ष होईपर्यंत त्या येतात, मग वाढत नाहीत. भिंतीच्या दुसऱ्या बाजूला त्याच जागी काहीच नसतं, आणि ही खूण सगळ्यांत महत्त्वाची आहे.

मग गिलावा तरी का चिरतो? गवंड्याने काम बिघडवलं का?

थोडी चूक कामाची असते, थोडं सामानाचं असतं. सिमेंटचा गिलावा वाळताना आकसतोच, प्रश्न किती आणि किती लवकर, एवढाच. सिमेंट जास्त घातलं की गिलावा पक्का होतो असा समज आपल्याकडे फार घट्ट आहे. प्रत्यक्षात आतल्या भिंतीला एकास सहाचा, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग वाळूचा माल पुरतो आणि एकास तीनचा माल जास्त आकसतो, जास्त चिरतो. क्रश सॅंडमध्ये पिठासारखी भुकटी जास्त असेल तर पाणी जास्त लागतं आणि पाणी जास्त म्हणजे आकसणंही जास्त. वीट भिजवून न घेता त्यावर माल मारला तर वीट त्यातलं पाणी ओढून घेते. एप्रिलच्या उन्हात पश्चिमेच्या भिंतीला गिलावा केला आणि पुढचे सात दिवस नीट पाणी मारलं नाही, तर कोपऱ्यात चीर येणारच.

आणखी एक कारण खिडकीच्या वर लपलेलं असतं. खिडकीवरची भिंत पेलणारी आडवी तुळई, म्हणजे लिंटेल, काँक्रीटचं आणि बाजूची भिंत विटांची. दोन्ही उन्हाने वेगवेगळ्या मापाने वाढतात, वाळताना वेगवेगळ्या आकसतात. त्यांच्या सांध्यावर जाळी न मारता सरळ गिलावा ओढला तर सांधा वर उमटतो. अशी चीर कोपऱ्यातून न निघता कोपऱ्यापासून सहा ते नऊ इंच बाजूला, म्हणजे लिंटेलचं टोक जिथे भिंतीत संपतं तिथे उभी दिसते. नीट बघितलं तर हा फरक सहज कळतो.

चीर भिंतीत गेली आहे की गिलाव्यातच आहे, हे कसं बघायचं?

आधी भिंतीच्या दोन्ही बाजू बघा. खिडकीच्या चौकटीपासून टेपने माप घ्या आणि दुसऱ्या बाजूला त्याच मापावर चीर आहे का ते तपासा. दोन्हीकडे त्याच रेषेत असेल तर ती आरपार आहे असंच धरून चाला.

मग जुनं एटीएम कार्ड घ्या. त्याची जाडी पाऊण मिलिमीटर असते. कार्डाची कड चिरेत शिरत नसेल तर चीर त्याहून बारीक आहे. सहज शिरून आत जात असेल तर पुढे तपासायला हवं. कार्ड चिरेच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये लावून बघा, कारण रुंदी कुठे वाढते हे नुसत्या रुंदीपेक्षा जास्त सांगून जातं.

तरीही शंका असेल तर चिरेवरचा तळहाताएवढा गिलावा छिन्नीने हलकेच काढा. आतल्या विटा आणि सांधे अखंड असतील तर विषय गिलाव्यावरच संपला. चीर सांध्यांमधून पायऱ्या-पायऱ्यांनी गेली असेल तर भिंत हलली आहे. वीटच दुभंगली असेल तर जोर त्याहून मोठा होता. गिलावा काढायच्या आधी त्यावर नाण्याने टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर गिलाव्याने भिंत सोडली आहे, आणि कधी कधी चिरेचं सगळं कारण तेवढंच असतं.

चिरेच्या दिशेवरून काही कळतं का?

आरपार चीर असेल तर दिशेवरूनच सगळ्यांत जास्त कळतं, आणि नेमकं तेच कोणी बघत नाही.

भिंतीचं एक टोक खाली बसलं असं समजा. बाहेर उभं राहून भिंतीकडे बघताना ते उजवीकडचं टोक आहे. ते खाली जाताना भिंत तिरकी ताणली जाते आणि त्या ताणाला आडवी चीर पडते. ती खिडकीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून निघून उजवीकडे वर चढते. त्याच वेळी खालच्या डाव्या कोपऱ्यातून दुसरी चीर डावीकडे खाली उतरते. म्हणजे खिडकीचे समोरासमोरचे दोन कोपरे चिरतात आणि दोन्ही चिरा जवळपास एकाच तिरक्या रेषेत असतात. चीर ज्या बाजूला वर चढते, त्या बाजूचा पाया खचला असण्याची शक्यता जास्त. शेजारच्या खिडकीलाही तशीच, त्याच बाजूला झुकलेली चीर असेल तर शंका पक्की होते. टोक खाली जात असताना चीर सहसा वर रुंद आणि खाली निमुळती असते.

गिलाव्याच्या चिरांचं असं नसतं. त्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांतून सारख्या फाकतात, खालचे कोपरे शाबूत असतात. म्हणून फोटो पाठवताना नुसत्या चिरेचा जवळून काढलेला फोटो पाठवू नका. पूर्ण भिंत, सगळ्या खिडक्या आणि खाली जोतं दिसेल असा एक फोटो बाहेरून काढा. आतून बघताना डावं-उजवं उलटं होतं, तेव्हा बाजू सांगताना बाहेरून की आतून, ते लिहा.

आमची चीर मे महिन्यात रुंद होते आणि गणपतीपर्यंत जवळपास मिटते. हे कसं?

खाली काळी माती आहे म्हणून. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात रानात पडलेल्या भेगा तुम्ही पाहिल्याच असतील. तीच माती घराखालीही असते. घराच्या मध्यभागी, जमीन झाकलेली असल्यामुळे, ओल वर्षभर फारशी बदलत नाही. बाहेरच्या भिंतींच्या कडेला मात्र उन्हाळ्यात माती वाळून खाली बसते आणि पावसाळ्यात फुगून वर येते. भिंत तिच्याबरोबर हलते, आणि हललेलं दिसतं ते खिडकीच्या कोपऱ्यात.

पाया काळ्या मातीच्या थरातून खाली जाऊन कठीण मुरमावर टेकलेला असेल तर हा त्रास फारसा होत नाही. जुन्या घराला नंतर जोडलेल्या खोल्यांचा पाया मात्र बहुतेकदा उथळ असतो. वाढवलेली खोली आणि जुनं घर वेगवेगळ्या मापाने हलतात, म्हणून जोडावरची आणि तिच्या शेजारच्या खिडकीवरची चीर कितीही बुजवली तरी परत येते.

झाडामुळे चीर येते हे खरं का? एखादं उदाहरण सांगाल?

विश्रामबाग भागातल्या एका बैठ्या घराचं सांगतो. नऊ इंची विटांच्या भिंती, कॉलम नाहीत, वर स्लॅब. दक्षिणेच्या भिंतीला चार फूट रुंद खिडकी. बाहेरून बघताना तिच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून चीर निघून उजवीकडे स्लॅबच्या दिशेने चढलेली, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यातून दुसरी जोत्याकडे उतरलेली. आतल्या बाजूलाही त्याच मापावर तीच चीर. एटीएम कार्ड वरच्या टोकाला सैल शिरत होतं, खाली कोपऱ्याजवळ अडकत होतं. आजवर ती पुट्टीने बुजवली गेली होती आणि प्रत्येक उन्हाळ्यात परत उघडली होती.

उजवीकडच्या टोकापासून सात-आठ फुटांवर मोठा कडुनिंब होता. त्याच कोपऱ्यावर गच्चीच्या पाण्याचा पाईप उतरत होता आणि त्याचं पाणी थेट भिंतीच्या बुडाशी सांडत होतं. म्हणजे त्या एका कोपऱ्याची माती उन्हाळ्यात झाडाच्या मुळांमुळे सगळ्यांत जास्त वाळत होती आणि पावसाळ्यात सगळ्यांत जास्त भिजत होती. भिंतीलगत खड्डा घेतला तेव्हा पाया तीन फुटांवरच, काळ्या मातीत संपलेला दिसला. मुरूम सहा फुटांखाली लागला.

चीर वरच्या टोकाला मे महिन्यात तीन मिलिमीटर भरली. सप्टेंबरअखेर ती एक मिलिमीटरहून कमी झाली. पुढच्या मे महिन्यात परत तीनच. निर्णय या तिसऱ्या मापावर झाला. चीर उघडत होती, मिटत होती, पण वर्षागणिक साठत नव्हती. तेच तिसरं माप साडेचार आलं असतं तर पाया खोल नेण्याचा, म्हणजे मोठ्या खर्चाचा विचार करावा लागला असता.

इथे आधी पाणी वळवलं. गच्चीचा पाईप बंद गटारीत नेला. भिंतीभोवती तीन-सव्वातीन फूट रुंदीची, बाहेरच्या बाजूला उताराची काँक्रीटची पट्टी केली, म्हणजे कडेची माती एकदम भिजणं आणि एकदम वाळणं कमी झालं. झाड पाडलं नाही, फांद्या छाटून त्याचा पसारा कमी केला. हे मुद्दाम सांगतो, कारण घाईघाईने मोठं झाड तोडलं की मुळं पाणी ओढायची थांबतात, वर्षानुवर्षं वाळलेली काळी माती हळूहळू भिजून फुगते आणि भिंत उलट्या दिशेने वर उचलली जाते. शिवाय तोडायला महापालिकेची परवानगी लागतेच. चीर पुरेशी शांत झाल्यावर भिंत शिवली: चिरेच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट जाईल अशी सहा मिलिमीटरची स्टेनलेस स्टीलची सळई विटांच्या आडव्या सांध्यात खाच करून बसवली, उंचीत दर दीड फुटाला एक. गिलावा सगळ्यांत शेवटी केला.

चीर वाढते आहे का, हे घरी कसं मोजायचं?

चिरेच्या दोन्ही बाजूंना बारीक खिळा किंवा स्क्रू बसवा, साधारण चार इंच अंतरावर, आणि दोन डोक्यांमधलं अंतर व्हर्नियर कॅलिपरने घ्या. कॅलिपर नसेल तर पेन्सिलीने दोन फुल्या काढून स्टीलच्या पट्टीने मोजा, माप थोडं ढोबळ येईल इतकंच. चिरेच्या टोकाशी आडवी रेघ मारून तारीख लिहा, म्हणजे ती पुढे सरकली का ते कळेल. महिन्यातून एकदा, शक्यतो सकाळच्या त्याच वेळेला मोजा. दुपारी भिंत तापलेली असते आणि माप थोडं बदलतं.

पूर्वी चिरेवर काचेची पट्टी चिकटवायचे. काच फुटली म्हणजे भिंत हलली एवढंच तिच्यावरून कळतं. किती हलली, कोणत्या बाजूला, ते कळत नाही.

काळ्या जमिनीवर दोन महिन्यांच्या मापांवरून निष्कर्ष काढू नका. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि परत उन्हाळा एवढं तरी बघायलाच हवं. चीर झपाट्याने वाढत असेल तर मात्र थांबायचं नाही.

फक्त वरच्या मजल्यावरच चिरा आहेत, खाली एकही नाही. पाया बिघडला असेल का?

शक्यता कमी आहे. पाया हलला तर चिरा सहसा तळमजल्यापासून दिसतात. फक्त वरच्या मजल्यावर, त्यातही इमारतीच्या टोकाच्या खिडक्यांना, स्लॅबच्या खालून तिरक्या चिरा आल्या असतील तर कारण बहुधा ऊन असतं. हिशोब सोपा आहे: दहा मीटर लांबीचा स्लॅब पंचवीस अंशांनी तापला तर साधारण अडीच मिलिमीटर लांबतो. खालची भिंत सावलीत असते, ती तेवढी लांबत नाही. स्लॅब तिला ढकलतो. बऱ्याचदा अशा घरात स्लॅबच्या अगदी खाली आडवी चीरही असते.

अशा वेळी चीर पुन्हा पुन्हा बुजवण्यापेक्षा गच्चीचं तापणं कमी करा. विटांच्या तुकड्यांचा कोबा, पांढऱ्या चायना मोझॅकचा थर, निदान उन्हाळ्यापूर्वी पांढरा परावर्तक रंग, यांपैकी काहीही करा. ते झाल्यावर चीर बुजवा.

लिंटेलच खराब असेल तर कळतं का?

खिडकीच्या वरच्या कडेला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून धरा. मध्ये लिंटेल दोरीच्या खाली आलेलं दिसलं तर ते वाकलं आहे. झडप वरून घासत असेल तर तोच इशारा. लिंटेल दोन्ही बाजूंच्या भिंतीत निदान सहा इंच टेकलेलं असावं लागतं. नंतर खिडकी रुंद करताना ही टेक कापली जाते आणि टेकेखालच्या विटा चिरडतात. तिथे कोपऱ्यापाशी चीर खाली उतरलेली आणि विटांचे कोपरे कुरतडलेले दिसतात. घरात खिडकी मोठी केली असेल तर आधी हेच तपासा.

दुसरा प्रकार गंजाचा. छज्जातून पाणी मुरत राहिलं की लिंटेलमधली सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. अशी चीर तिरकी नसते, लिंटेलच्या खालच्या कडेने आडवी, सळईच्या रेषेत जाते. तांबूस डाग येतो, टकटक केल्यावर पोकळ वाजतं. इथे गिलावा मारून झाकणं धोक्याचं आहे, कारण काँक्रीटचा तुकडा खाली पडू शकतो.

2019 किंवा 2021 च्या पुरात घरात पाणी होतं. चिरा त्यामुळे असतील का?

असू शकतात. पाण्याखाली गेलेली माती मऊ होते, जोत्यालगतचा भराव वाहून जातो आणि पाणी ओसरल्यावर घर कुठे तरी थोडं बसतं. चिरा लगेच न दिसता माती पूर्ण वाळल्यावर, पुढच्या उन्हाळ्यात दिसतात. जोत्याच्या बाहेरून फिरून बघा: फरशी आणि भिंत यांच्यात फट पडली आहे का, पायरी घरापासून सुटली आहे का. नुसता लोणा धरून गिलावा सुटला असेल तर तो खालून पाण्याच्या रेषेपर्यंत फुगतो आणि भुसभुशीत होतो. त्याचा खिडकीच्या वरच्या कोपऱ्याशी संबंध नसतो.

आमचं घर कॉलम-बीमचं आहे. मग निश्चिंत राहायचं ना?

खिडकीच्या कोपऱ्यापुरतं बरंचसं हो. अशा घरात विटांची किंवा ब्लॉकची भिंत वजन घेत नाही, ती कॉलमांमध्ये भरलेली असते. ओले ब्लॉक लावून वर लगेच गिलावा केला की ते वाळताना आकसतात आणि कोपऱ्यात चीर येते. मात्र चीर भिंतीतून पुढे बीममध्ये किंवा कॉलममध्ये गेलेली दिसली, किंवा बीमच्या टोकाला तिरकी चीर असली, तर ते गिलाव्याचं प्रकरण नाही.

गिलाव्याचीच चीर आहे हे ठरलं. दुरुस्ती कशी करायची?

केसाएवढी असेल तर तिला कटरने इंग्रजी व्ही आकारात थोडी रुंद करा, ब्रशने धूळ काढा, अॅक्रिलिक क्रॅक फिलर भरा, वर फायबरची टेप, मग पुट्टी. नुसती पुट्टी ताठ असते, पुढच्या उन्हाळ्यात ती परत तडकते.

लिंटेलच्या सांध्यावरची चीर असेल तर दोन्ही बाजूंचा सहा-सहा इंच गिलावा विटेपर्यंत काढा, सांधे थोडे खोल खरवडा, गॅल्व्हनाइज्ड चिकन मेश खिळ्यांनी ताणून बसवा, भिंत भिजवून गिलावा करा आणि सात दिवस पाणी मारा. जाळी ताणून बसवली नाही तर ती गिलाव्याच्या मागे नुसती पडून राहते, ताण घेत नाही.

इंजिनिअरला लगेच कधी बोलवायचं?

आरपार चीर पाच मिलिमीटरहून रुंद असेल, काही आठवड्यांत डोळ्यांना कळेल इतकी वाढत असेल, चिरेच्या दोन बाजू मागे-पुढे सरकून हाताला पायरी लागत असेल, लिंटेल वाकलं असेल किंवा कॉलम-बीमला चीर असेल, तर मापं घेत बसू नका. कोयनेच्या बाजूचा धक्का जाणवल्यानंतर नवी चीर दिसली तरीही लगेच दाखवा. शेजारच्या प्लॉटवर तळघराचं खोदकाम सुरू असताना चीर आली तर त्याच दिवशी तारीख दिसेल असे फोटो काढा आणि शेजाऱ्यांना लेखी कळवा.

बोलावताना रंगाऱ्याला किंवा ठेकेदाराला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. घराचा नकाशा असेल तर काढून ठेवा. खोली केव्हा वाढवली, खिडकी केव्हा मोठी केली, बोअर केव्हा मारलं, ड्रेनेजचं चेंबर कुठे आहे, पूर्वी चीर कितीदा बुजवली, हे आठवून कागदावर लिहा. आणि तो येऊन बघेपर्यंत चिरेला हात लावू नका.